मसालेभात संपला, तो तंदूरमुळे

रिसेप्शनला रात्री साडेनऊच्या सुमारास मसालेभात संपतो. मुलीचे काका घाईघाईने भटारखान्याकडे येतात. आचारी म्हणतो, ‘तीस किलो तांदूळ शिजवलाय साहेब, सहाशे माणसांना कमी पडायचं कारणच नाही.’ काका म्हणतात, ‘मग भांडं रिकामं कसं?’ दोघंही खरं बोलत असतात. त्याच वेळी मागच्या बाजूला परातीत मळलेली पंधरा-वीस किलो कणीक तशीच पडलेली असते आणि रात्री बारा वाजता ती फेकली जाते.

भाताच्या भांड्याचा आणि त्या कणकेचा संबंध आहे. पावणेनऊला गर्दी उसळली तेव्हा एकच तंदूर चालू होता. रोटीच्या टोपलीसमोर पंधरा माणसं ताटं धरून उभी. माणूस तिथे दोन-तीन मिनिटं थांबतो, मग ‘जाऊ दे’ म्हणून पुढे सरकतो आणि रोटीची जागा भाताने भरतो. असं दोनशे जणांनी केलं की तांदळाचा हिशेब कोलमडतो. बुफेत जो पदार्थ संपतो तो बहुतेक वेळा दोषी नसतो. त्याच्या आधीचा कुठलातरी पदार्थ वेळेवर आलेला नसतो.

पंगतीत ही अडचण येत नव्हती, कारण तिथे वेग वाढप्याच्या हातात होता. भाजी कमी वाटली की तो डाव अर्धाच भरायचा, पोळ्या तव्यावरून यायच्या असल्या की मठ्ठ्याची एक फेरी मारून घ्यायचा. आचारी पानांवर हिशेब करायचा आणि तो सहसा चुकत नसे. बुफेत डाव पाहुण्याच्या हातात गेला. त्यामुळे वाढपी जे काम पंगतीत चालता चालता करायचा, ते बुफेत आधी, कागदावर करून ठेवावं लागतं. काय ठेवायचं, किती ठेवायचं, कुठे ठेवायचं आणि किती वाजता ठेवायचं. यातल्या पहिल्या प्रश्नावर घरातली मंडळी महिनाभर चर्चा करतात. शेवटच्या प्रश्नावर कुणीच करत नाही.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. पुण्याच्या उपनगरातलं एक लॉन, संध्याकाळी साडेसात ते साडेदहा रिसेप्शन, जेवणारे सहाशे, सगळं शाकाहारी. यजमानांनी ठरवलेला मेनू नेहमीचाच: स्टार्टरला पनीर टिक्का, कोथिंबीर वडी आणि हराभरा कबाब, जेवणात पनीर मखनी, भरली वांगी, मटकीची उसळ, दाल तडका, मसालेभात आणि साधा भात, तंदुरी रोटी आणि पुरी, गोडाला गरम जिलेबी आणि अंगूर रबडी, शिवाय मठ्ठा, कोशिंबीर, पापड, लोणचं.

सहाशे हा आकडा जेवणाऱ्यांचा आहे, पत्रिकांचा नाही. दोन्हींतलं अंतर काढायला सूत्र नाही, पण पद्धत आहे. पत्रिकांच्या यादीचे तीन गट करायचे. घरचे आणि जवळचे नातेवाईक, जे येणारच. ऑफिस, सोसायटी, मित्रमंडळी, ज्यांच्यातले बरेचसे येतील, पण जोडीने येतील की मुलाबाळांसह, ते सांगता येत नाही. आणि ज्यांना पत्रिका द्यायलाच हवी म्हणून दिली ते. दुसऱ्या गटात नावं मोजू नयेत, डोकी मोजावीत. शिवाय पंचांग उघडून बघावं. लग्नाची दाट तिथी असेल तर त्या संध्याकाळी एकेका पाहुण्याला तीन-तीन ठिकाणी जायचं असतं. तो पाकीट तिन्ही ठिकाणी देतो, जेवतो एकाच ठिकाणी. उलट, लांबच्या लॉनवर रविवारी रिसेप्शन असेल तर जो आला तो जेवूनच जातो.

डोकी ठरली की पोटाचं माप. रात्रीच्या जेवणाला मोठा माणूस, पाणी आणि मठ्ठा सोडून, साडेसहाशे ते पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास खातो. कुणी जास्त, कुणी कमी. लहान मुलं आणि म्हातारी माणसं कमी. आपल्या मेनूत हे वजन असं वाटलं जातं: स्टार्टरचे पाच तुकडे म्हणजे १०० ग्रॅम, रोटी-पुरी मिळून १००, तिन्ही भाज्या मिळून १६०, भात १३०, डाळ ८०, गोड १००. बेरीज ६७०. ही बेरीज करून बघणं फार उपयोगाचं, कारण इथे हौसेला लगाम बसतो. कुणी म्हटलं की ‘एक पास्ता काउंटरही ठेवू, आणि चाटसुद्धा’, तर लगेच विचारता येतं की ही १५० ग्रॅम कुणाच्या वाटणीतून काढायची? पोट मोठं होत नाही. चाट ठेवली की भाजी उरते, हे गृहीत धरून भाजी कमी करायला हवी. बहुतेक यजमान चाट वाढवतात आणि भाजी तेवढीच ठेवतात.

मात्र पदार्थ वाढवले की प्रत्येकाची गरज त्याच प्रमाणात घटते, असंही नाही. दोन भाज्या असतील तर माणूस एकेकीचे ८० ग्रॅम घेतो. चार ठेवल्या तर ४० प्रमाणे घेईल असं वाटतं, पण तो ५५-६० घेतो, कारण सगळं थोडं थोडं चाखायचं असतं. म्हणजे ताटात २३० ग्रॅम भाजी येते, पोटात १६० जाते आणि उरलेली ताटांच्या टबात. माझं स्पष्ट मत असं की सहाशे माणसांना तीन भाज्या पुरे: एक रश्शाची, एक सुकी किंवा अंगाबरोबर रसाची आणि एक कडधान्याची. चौथी भाजी ठेवली की दर प्लेटमागे वाढतो आणि जेवण वाढत नाही.

तोल चवीचाही बघायचा असतो. टिक्का पनीरचा, भाजी पनीरची आणि शेवटी रबडी, असं केलं तर माणूस तिसऱ्या टप्प्यावर जड होतो आणि रबडी उरते. आपल्या मेनूत पनीर दोनदा आलं आहे. ते टाळता आलं असतं तर बरं, पण पनीर नाही तर रिसेप्शन कसलं, अशी आजची समजूत आहे. म्हणून भरली वांगी आणि मटकी मुद्दाम ठेवली आहेत. काजू-टोमॅटोच्या मखमली रश्शाशेजारी तिखट, गोडा मसाल्याचं काहीतरी असलं की डाव दोन्हींकडे वळतो. दोन्ही भाज्या लाल काजूग्रेव्हीच्या असत्या, तर पाहुण्यांनी एकच घेतली असती.

आता स्टार्टर. सहाशे माणसांना पाच तुकड्यांप्रमाणे तीन हजार. त्यांची वाटणी हजार-हजार-हजार अशी करायची नाही. पनीर टिक्का आधी उचलला जातो, म्हणून तो बाराशे. कोथिंबीर वडी हजार. हराभरा कबाब आठशे. वीस ग्रॅमचा तुकडा धरला तर टिक्क्यालाच २४ किलो पनीर लागतं.

पण स्टार्टर कमी पडतात ते तुकड्यांच्या संख्येमुळे क्वचितच. वेटर ट्रे घेऊन भटारखान्याच्या दारातून बाहेर पडतो आणि दाराजवळच्या दोन टेबलांवरच ट्रे रिकामा होतो. तिथली मंडळी आठ-दहा तुकडे खातात, स्टेजच्या पलीकडे बसलेल्यांना रिकामा ट्रे दिसतो. यावर उपाय साधा आहे: प्रत्येक वेटरला लॉनचा एक भाग नेमून द्यायचा आणि निम्म्या वेटरांनी दूरच्या टोकापासून वाटत यायचं. दुसरं म्हणजे तळण एकदम काढायचं नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक घाणा. साडेआठपर्यंत साधारण निम्मे स्टार्टर जावेत, साडेनऊनंतर उशिरा येणाऱ्यांसाठी शेवटचे तीनेकशे तुकडे शिल्लक असावेत.

आणि इथेच तो तंदूर पहिल्यांदा मध्ये येतो. पनीर टिक्काही तंदूरमध्येच भाजायचा आणि रोटीही. मेनू ठरवताना हे दोन पदार्थ वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले असतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. सव्वाआठला पहिली मंडळी जेवायला येतात, तेव्हा तंदूरमध्ये अजून टिक्क्याच्या सळया लावलेल्या असतात. रोटीवाला कणकेचे गोळे करून शेजारी उभा. टिक्का निघाल्यावर तंदूर पुन्हा रोटीजोगा तापायला वेळ जातो आणि तोवर रांग लागलेली असते. म्हणून टिक्का कोळशाच्या वेगळ्या सिगडीवर भाजायला हवा, किंवा आठच्या आत सगळा भाजून घेऊन वाढताना फक्त तव्यावर गरम करायला हवा. कढईचंही तसंच. कोथिंबीर वडी, हराभरा कबाब, पापड, पुरी आणि जिलेबी या पाचही गोष्टी तळणाच्या. कागदावर तोल नीट दिसतो, भटारखान्यात मात्र सगळे एकाच कढईभोवती जमतात. मेनूतल्या प्रत्येक पदार्थासमोर तो कुठल्या चुलीवर आणि किती वाजता होणार, एवढं लिहिलं की अर्धी भांडणं आधीच मिटतात.

रोटीचं गणित जरा सावकाश करू, कारण सगळं तिथेच अडतं.

सहाशे माणसं तीन तासांत सारखी वाटून जेवत नाहीत. साडेआठ ते साडेनऊ या एका तासात साठ टक्के, म्हणजे ३६० माणसं जेवायला येतात असं धरू. हे मिनिटाला सहा माणसं झालं. प्रत्येकाला सरासरी अडीच रोट्या-पुऱ्या. म्हणजे त्या तासभर मिनिटाला पंधरा नग लागणार. एका तंदूरमध्ये एका वेळी आठ-दहा रोट्या लागतात आणि भाजून, काढून, पुढच्या लावेपर्यंत दोन-अडीच मिनिटं जातात. हात कितीही चालू असला तरी मिनिटाला चार रोट्या. पुरीच्या मोठ्या कढईतून, लाटणारे दोघं-तिघं असतील तर मिनिटाला सात-आठ पुऱ्या निघतात. एक तंदूर आणि एक कढई मिळून मिनिटाला बारा. तीनची तूट. म्हणजे तासाला १८० नग.

वरवर ही तूट फार वाटत नाही. पण कढई पापडासाठी किंवा वडीच्या शेवटच्या घाण्यासाठी अर्धा तास अडकली, तर तेवढ्या वेळात मिनिटाला चारच रोट्या येतात आणि अकराची तूट पडते. अर्ध्या तासात ३३० नग. रोटी न मिळालेला माणूस भाताचा एक डाव जास्त घेतो. डाव ६० ग्रॅमचा धरला तर जवळपास २० किलो शिजलेला भात, म्हणजे साडेसात किलो तांदूळ, अर्ध्या तासात ठरल्यापेक्षा जास्त गेला. तीस किलो तांदळातला पाव भाग. साडेनऊला काकांना रिकामं भांडं दिसलं ते यामुळे.

आपल्या सहाशेंच्या जेवणाला दोन तंदूर आणि फक्त पुरीसाठी राखलेली एक कढई हवी. मिनिटाला पंधरा-सोळा नग मिळतात. थोडीशी सवलत राहते. कणीक किती मळायची हा प्रश्न त्यानंतरचा: रोटीचा गोळा ६० ग्रॅमचा, ९०० रोट्या, म्हणजे साधारण ३४-३५ किलो पीठ, पुरीचा गोळा २५ ग्रॅमचा, ६०० पुऱ्या, म्हणजे दहा किलो पीठ. कणीक एकदम मळू नये. दोन-तीन हप्त्यांत मळली की उरलेलं पीठ पीठच राहतं.

हल्ली चुलीवरच्या भाकरीचं काउंटर फार मागितलं जातं. दिसायला ते सुरेख. पण हाताने थापलेली ज्वारीची भाकरी एका बाईच्या हातून मिनिटाला एकापेक्षा जास्त निघत नाही. दोन बायका बसल्या तरी तासाला शंभर-सव्वाशे भाकऱ्या. त्या पाव-पाव करून वाटल्या तर हौस भागते. पूर्ण भाकरी द्यायला लागलात की तिथे अशी रांग लागते की मागच्या माणसांना बाकीचं जेवणच दिसत नाही. लाइव्ह डोशाचंही तेच. ज्या काउंटरवर पदार्थ डोळ्यांसमोर होतो, तो मुख्य रांगेपासून लांब, कोपऱ्यात ठेवावा.

रोटी आधी करून डब्यात भरून ठेवली तर चालणार नाही का? दहा मिनिटांत ती वातड होते. डब्यात वाफ धरली तर ओली, उघडी ठेवली तर चिवट. ताटं परत येतात त्या टबाजवळ पाच मिनिटं उभं राहिलं तर कळतं: अर्ध्या टाकलेल्या रोट्या दिसू लागल्या की समजावं, तंदूरचा माणूस पुढे पळतोय आणि टोपली साचतेय. फुलक्यांनाही हाच नियम. रोटीची टोपली लहान असावी आणि ती घेऊन वेटरने जेवणाऱ्यांमध्ये फिरावं. फिरती रोटी असली की दुसऱ्यांदा रोटी घेणारे रांगेत परत येत नाहीत, आणि रांगेतला मोठा हिस्सा याच लोकांचा असतो.

गर्दीचा हा तास कधी येणार हे आचारी ठरवत नाही. ते स्टेज ठरवतं. पाहुणे आले, स्टेजवर गेले, फोटो काढला, मग जेवायला, असा बहुतेकांचा क्रम. एका कुटुंबाच्या फोटोला अर्धं मिनिट लागलं आणि कुटुंबात तिघं धरले, तर स्टेजवरून मिनिटाला सहा माणसं खाली उतरतात. वरच्या हिशेबातले सहा ते हेच. स्टेज वेळेवर सुरू झालं तर जेवणाकडे माणसं बेताने येतात. पण नवरा-नवरी मेकअपमधून बाहेर यायला पाऊण तास उशीर झाला, तर दोन गोष्टी होतात. वाट बघत बसलेले दोनशे-अडीचशे पाहुणे तेवढ्या वेळात प्रत्येकी दोन तुकडे जास्त खातात, म्हणजे चार-पाचशे तुकडे. आणि मग कंटाळून ‘आधी जेवून घेऊ, मग भेटू’ म्हणून सगळे एकदम उठतात. स्टार्टर संपले, रोटी अडली, भात संपला, या तिन्हींचं मूळ मेकअपच्या खोलीत असतं. म्हणून केटररने यजमानांना विचारायचा महत्त्वाचा प्रश्न आहे, ‘जोडी स्टेजवर किती वाजता?’ आणि उशीर होणार असेल तर तो निरोप भटारखान्यात पोचवायला घरातलं एक माणूस नेमलेलं असावं. निरोप आला की आचारी स्टार्टरचा घाणा लहान करतो आणि सूप किंवा पेय फिरवायला लावतो.

एकदम उठलेली गर्दी टेबल कसं मांडलंय त्यावरही निभावते. भिंतीला लावलेल्या एकाच टेबलावरून, एकाच बाजूने, मिनिटाला पाचेक माणसं ताट भरून पुढे जातात. मिनिटाला सहा येत असतील तर तासाभराने तिथे साठ माणसांची रांग असते, आणि हे गर्दी बेताची असताना. टेबल मोकळ्यावर, दोन्ही बाजूंनी चालता येईल असं मांडलं की तेवढीच भांडी दुप्पट माणसांना पुरतात. सहाशेंना अशी दोन टेबलं, दोन्हींवर तोच मेनू. रोटी, गोड आणि पाणी या टेबलांवर ठेवूच नये. त्यांची वेगळी जागा. टेबलावरचा क्रम कोशिंबीर, चटणी, लोणचं, मग सुकी भाजी, उसळ, पनीर, डाळ आणि शेवटी भात. पनीर आधी ठेवलं तर पहिल्या रिकाम्या ताटात त्याचा ढीग होतो. ताटात आधीच वांगं आणि मटकी असली की हात आपोआप आवरतो.

त्यातूनही पनीर हा पदार्थ राखावा लागतोच. आपल्या मेनूला भाजीसाठी २८ किलो पनीर लागेल; जवळजवळ प्रत्येक जण घेतो आणि प्रत्येकाला ४५-५० ग्रॅम. त्याच्यासमोर पहिला दीड तास वाढपी उभा करावा आणि त्याच्या हातात मध्यम डाव द्यावा. काहींना वाटतं, वाढपी ठेवणं म्हणजे कंजुषी दिसते. उलट, वाढप्यामुळे रांग पळते. पाहुणा भांड्यात पनीरचे तुकडे शोधत बसतो, वाढपी एका डावात दोन-तीन तुकडे आणि रस्सा देऊन मोकळा होतो. दुसऱ्यांदा मागितलं तर हसून वाढायचं, एवढं मात्र त्याला बजावून सांगावं.

गोडाची भीती यजमानांना सर्वात जास्त, म्हणून तिथेच सर्वात जास्त उरतं. चार गोड ठेवले तर पाहुणा चारही घेतो आणि दोन टाकतो. आपले दोनच. जिलेबी माणशी ५० ग्रॅम, म्हणजे ३० किलो, आणि ती समोर तळली जात असल्याने पीठ हातात राखून काढता येते. रबडीचं तसं नाही. किलोभर रबडीला चार-पाच लिटर दूध आटवावं लागतं, तेव्हा ऐनवेळी वाढवता येत नाही आणि उरली तर टिकत नाही. ती ६० ग्रॅमच्या वाट्यांत आधीच भरून, बर्फावर, मोजून ५५० ठेवावी. मोठ्या भांड्यात चमचा टाकून रबडी ठेवणं म्हणजे शेवटच्या शंभर जणांना ती मिळणार नाही याची तजवीज. गोड कमी पडण्याची धाकधूक असेल तर हलवायाकडून पाकातले गुलाबजाम आणून बंद डब्यात मागे ठेवावेत. लागले तर काढायचे, नाही लागले तर दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे असतातच.

राखीव साठ्याचा नियमही यातून निघतो. जादा माल ठेवायचा तो अशाच वस्तूंचा, ज्या वीस-पंचवीस मिनिटांत शिजतात किंवा कच्च्या राहिल्या तर परत वापरता येतात: तांदूळ, डाळ, बटाटे, पुरीचं पीठ. शंभर पाहुणे अचानक वाढले तरी वरण, भात, पुरी आणि बटाट्याची भाजी अर्ध्या तासात उभी राहते. पनीर, रबडी, वांगी यांची राखीव पातेली शिजवून ठेवण्यात अर्थ नाही. मसालेभातसुद्धा दोन हप्त्यांत करावा: अठरा किलोपैकी दहा किलो आठ वाजता तयार, उरलेले आठ किलो धुऊन ठेवलेले, आधण तापत ठेवलेलं. पावणेनऊला दुसरा हप्ता लावायचा की सहाच किलोचा लावायचा, हे तेव्हाच्या परिस्थितीवर ठरतं.

ती परिस्थिती मोजायचं साधन म्हणजे ताटं. किती ताटं उचलली गेली हे सहज कळतं, कारण ती पन्नास-पन्नासच्या चळतींत लावलेली असतात. नऊ वाजता ३०० ताटं गेली असतील तर प्रत्येक पदार्थही निम्माच जायला हवा. पनीर दोन तृतीयांश गेलं असेल तर डाव लहान करा आणि फिरती रोटी तपासा. भात पुढे गेला असेल तर रोटी अडली आहे, तिकडे माणूस पाठवा. आणि नऊ वाजताच ४०० ताटं गेली असतील तर यजमानांची यादी चुकली आहे, तेव्हा बटाटे उकडायला टाका. भांड्यात डोकावून अंदाज घेणारा माणूस नेहमी उशिराच सावध होतो, कारण भांडं अर्धं रिकामं होईपर्यंत त्याला सगळं ठीकच दिसतं.

लहान हप्त्यांचा आणखी एक फायदा आरोग्याचा. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. मधल्या तापमानात जंतू वेगाने वाढतात. भात यात विशेष नाजूक, कारण त्यातले काही जंतू शिजवूनही तग धरतात आणि भात कोमट राहिला की पुन्हा वाढतात. मोठं पातेलं तीन तास तसंच उघडं ठेवण्यापेक्षा झाकलेल्या गरम भांड्यातून थोडं थोडं काढणं बरं. उरलेलं अन्न एखाद्या संस्थेला द्यायचं असेल तर टेबलावर न आलेलं, पातेल्यातच गरम राहिलेलं तेवढंच द्यावं आणि त्यांना आधी दिवसा फोन करून ठेवावा. रात्री साडेअकराला शोधाशोध केली की गाडी मिळेपर्यंत अन्न कामातून जातं.

तेव्हा केटररशी बोलणी करायला बसाल तेव्हा किती आयटम, या प्रश्नावर वेळ घालवू नका. किती तंदूर येणार, टिक्का कशावर भाजणार, पुरीची कढई वेगळी आहे का, टेबलं दोन्ही बाजूंनी मोकळी असतील का, पनीरसमोर कोण उभं राहणार, आणि नऊ वाजता ताटं कोण मोजणार, हे विचारा. उत्तरं दराच्या कागदावरच लिहून घ्या आणि खाली त्याची सही घ्या.